रेशमानं दिलेला हात

आमच्या फोटो स्टुडिओत खादी हा शब्द सगळ्यात आधी बदनाम झाला.

सोलापुरात वाढदिवसाला केक असो नसो, चौकात फ्लेक्स लागतोच. त्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांच्या रांगेत उभा राहणारा प्रत्येक जण पांढऱ्याशुभ्र कपड्यात हवा असतो. माणूस घरून बनियनवर काढलेला फोटो पाठवतो आणि वर सांगतो, "म्याडम, खादी घाला की." पूर्वी मी कॉम्प्युटरमध्ये बिनमुंडक्याची धडं साठवून ठेवली होती. नेहरू शर्टातलं, कोटातलं, काठपदराच्या साडीतलं, असं एकेक धड काढायचं आणि गळ्यावर मुंडकं चिकटवायचं. अर्धं सोलापूर एकाच धडावर निवडणुकीला उभं राहिलेलं मी पाहिलंय.

मग ते नवं सॉफ्टवेअर आलं. फोटो द्यायचा, कपड्याचं नाव लिहायचं, की ते आहे त्या अंगावर नवा कपडा रंगवून देतं. पहिल्यांदा मी 'खादीचा पांढरा कुर्ता' असं लिहिलं. त्यानं अगदी खरी खादी दिली. जाडीभरडी, मळकट पांढरी, सुतात बारीक गाठी, चमक नावाला नाही, कोपराला सुरकुत्या आणि खांद्यावरून पोत्यासारखी लोंबलेली. गिऱ्हाईक भडकलं. "मला बुवा केलंय व्हय?" मी म्हटलं, खादी मागितली ती दिली. पण त्याच्या मनातली खादी म्हणजे कांजी घालून कडक केलेलं सुती कापड. दुसऱ्या वेळी मी खादी हा शब्दच गाळला आणि 'पांढरं सुती, कांजी केलेलं, इस्त्रीची घडी दिसणारं' असं लिहिलं. पाहिजे तसं धारदार आलं.

तेव्हापासून मी शब्दांचे स्वभाव ओळखायला लागले. माणसांचे ओळखून कंटाळा आलाच होता. डेनिम लिहिलं की कापड जाड होतं, घड्या मोठ्या आणि मोजक्या पडतात आणि कुणी न सांगता कडेनं पिवळ्या दोऱ्याची दुहेरी शिलाई धावायला लागते. शिफॉन लिहिलं की कापड हवेत तरंगतं, बारीक चुण्या पडतात आणि आतलं अंग धूसर दिसतं. लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्या मुलींना शिफॉन फार आवडतं. वारा मागावा लागत नाही, शब्दाबरोबर फुकट येतो. सिल्क लिहिलं की प्रत्येक घडीच्या कडेला उजेडाची रेघ उठते, निऱ्या चाकूनं कापल्यासारख्या उभ्या राहतात, आणि बाईच्या गळ्यात न मागता दागिने येऊन बसतात. त्या बिचाऱ्या सॉफ्टवेअरचा तरी काय दोष? रेशमात त्यानं जितक्या बाया पाहिल्या असतील, तितक्या नटून लग्नालाच निघालेल्या असणार.

मला या सगळ्याची गंमत वाटायची. आक्का जाईपर्यंत वाटायची.

आक्का माझी थोरली बहीण. ताप मेंदूत गेला आणि आठवड्याच्या आत ती गेली. तिच्या एकुलत्या एका लेकीचं, माझ्या भाचीचं, लग्न टेंभुर्णीच्या मुलाशी आधीच ठरलेलं होतं. आमच्यात घरातलं माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत तरी उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. मुलाकडच्यांनी आत करू म्हटलं. दाजी, म्हणजे आक्काचा नवरा, कशालाच हो किंवा नाही म्हणत नव्हते.

भाची दुपारची स्टुडिओत आली आणि पिशवीतून एक साडी काढून काउंटरवर ठेवली. हिरवी, जांभळ्या काठाची, रेशमी. लेकीच्या लग्नात नेसायला आक्कानं घेतलेली. अजून दुकानाच्या घडीतच होती.

"मावशी, मांडवात आईचा फोटो ठेवायचाय. ह्या साडीतला."

मी तिला म्हटलं, करते की, त्यात काय. आणि खरंच मला त्यात काही वाटलं नाही. रोजचंच काम होतं. आई नसलेल्या किती नवऱ्यामुलींच्या शेजारी मी आया उभ्या केल्या आहेत.

साडी घेताना भाची आक्काबरोबर होती. दुकानातल्या दिव्यावर आक्काचा विश्वास नव्हता. ती साडी घेऊन दारापर्यंत गेली आणि उन्हात धरून हलवली. दुकानदार स्वस्तातली, साधी साडी दाखवायला लागला तर म्हणाली, "नगं. लेकीच्या लग्नात तरी चमकू द्या की मला." भाचीनं ते वाक्य मला सांगितलं आणि मान खाली घातली.

आता आक्काच्या हाताबद्दल सांगायला हवं.

लग्नाआधी ती चादरीच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जायची. एक दिवस मशीनच्या पट्ट्यात तिचा पदर गेला आणि पदरामागं उजवा हात. कोपराच्या खाली काही उरलं नाही. त्यानंतर आयुष्यभर तिनं पदर डाव्या खांद्यावरून पाठीमागे घेऊन उजव्या खांद्यावरून पुढे आणला आणि त्याच्या आत तो हात ठेवला. ज्या पदरानं हात खाल्ला त्यालाच तिनं पांघरूण म्हणून कामाला लावलं. तिचा एकही फोटो उघड्या हाताचा नाही. नवीन माणसाला वाटायचं, बाई जरा जुन्या वळणाची आहे, अंगभर पदर घेते.

डाव्या हातानं तिनं सगळं केलं. शेंगाचटणी कुटून विकली, स्वयंपाक केला, लेक वाढवली. फक्त हळदीकुंकवाला ती कुठं जायची नाही. डाव्या हातानं कुणाला कुंकू लावायचं? एकदा कुणीतरी तोंडावर बोललं, तेव्हापासून तिनं उंबरा ओलांडला नाही. पण भाची शाळेला निघाली की तिच्या कपाळाला टिकली आक्काच लावायची, डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटानं. तेवढं एकच कपाळ तिच्या हक्काचं होतं.

मी आक्काचा एक चांगला फोटो निवडला. खुर्चीत बसलेली, अंगावर धुऊन मऊ झालेली सुती इरकल, पदर दोन्ही खांद्यांवरून. चेहरा प्रसन्न, जरासा चिडलेला, कारण फोटो मी काढत होते आणि मी फार वेळ लावते. तो सॉफ्टवेअरला दिला आणि लिहिलं, 'हिरवी सिल्कची साडी, जांभळा काठ.'

फोटो तयार झाला. इतकी सुंदर आक्का आम्ही कधी पाहिली नव्हती. रेशमाची चकाकी हनुवटीखाली उजळली होती, घडीघडीवर उजेड होता. भाचीनं तोंडावर हात ठेवला आणि रडता रडता हसली. मग पुढे वाकून पाहायला लागली.

"मावशी, हा हात कुणाचा गं?"

पदर डाव्या खांद्यावर निऱ्या घालून, पिन लावून, पाठीमागे सोडलेला होता. उजवा खांदा मोकळा. आणि मांडीवर एक उजवा हात होता. लांबसडक बोटं, नखांना रंग, मनगटात हिरवा चुडा.

पदराखाली काय आहे हे त्या यंत्राला कसं कळावं? सिल्कचा पदर जसा असतो तसा त्यानं घेतला, खांदा उघडा पडला, आणि उघड्या जागी माणसाला जे असतं ते त्यानं काढलं. मला माझ्या बहिणीचा उजवा हात आठवतो. तो गेला तेव्हा मी लहान होते, पण त्याच हातानं ती माझी वेणी घालायची, केस ओढून ओढून. आखूड बोटं, सुतानं झिजलेली नखं. हा तो हात नव्हता. मला त्या हाताचा राग आला, एखाद्या परक्या बाईनं आक्काच्या खुर्चीत येऊन बसावं तसा.

"बदलते," मी म्हटलं.

'उजवा हात पदराखाली झाकलेला' असं लिहून पाहिलं. कधी पदर यायचा, पण रेशमाच्या स्वभावानं गुळगुळीत घसरलेला, आणि खालून बोटं डोकावलेली. मग मी विचार केला, रेशीमच घसरतंय, तर आधी दुसऱ्या कापडानं पदर नीट पाडून घ्यावा. शिफॉन लिहिलं. पदर खांद्यावरून आला, पण त्या पातळ हिरव्या कापडातून अख्खा हात दिसत होता, कोपर, मनगट, सगळं, पाण्याखाली दिसावं तसं. भाची म्हणाली, "हे नको, मावशी. हे फार वाईट दिसतंय." मी चिडून डेनिम लिहिलं. म्हटलं, जाड पडेल, जड पडेल, हलणार नाही. तर पदराला दुहेरी शिलाई आली, पदराची बाही झाली, आणि बाहीतून पुन्हा हात बाहेर. आक्का हिरवं जाकीट घालून बसलेली. आम्ही दोघी हसत सुटलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग पाणी थांबेना.

शेवटी खादी लिहिलं, माझ्या त्या बदनाम शब्दाला शरण गेले. आणि खादीनं ऐकलं. जाड, अपारदर्शक पदर उजव्या खांद्यावर बसला, खाली ताठ उतरला, आतलं काही दाखवलं नाही, काही नवीन वाढवलं नाही. अगदी आक्कासारखा. पण साडी विझली होती. रंग हिरवाच, पण वाळल्या पानाचा हिरवा, चमक शून्य. दारात उभी राहून उन्हात साडी हलवणारी आक्का त्यात नव्हती.

भाची बराच वेळ दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघत बसली. एकीकडे चमकणारी आई आणि तिला नसलेला हात. दुसरीकडे हात झाकलेली आई आणि तिला नको असलेली साडी.

"दोन्ही एका फोटोत न्हाय येत?" तिनं विचारलं. ती शिकलेली मुलगी, एरवी नीट बोलते. त्या क्षणी आईच्याच बोलीत बोलली.

दुसऱ्या कुणाला ते शब्दांनी जमलंही असतं. माझा मात्र धीर संपला. मी म्हटलं, घरी जाऊन बाबांना विचार.

संध्याकाळी मीच तिच्याबरोबर गेले. दाजी ओट्यावर बसले होते. मी फोनवर आधी रेशमातला फोटो दाखवला, चुकून नव्हे, तो जास्त चांगला दिसत होता म्हणून. त्यांनी फोन हातात घेतला. चेहरा पाहिला, मग हात पाहिला. फोन डोळ्यांजवळ नेला. अंगठ्यानं तो हात मोठा करायचा प्रयत्न केला आणि त्यांना ते जमेना, म्हणून मी करून दिला.

"हाच ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले.

भाची म्हणाली, "बाबा, आईला तो हात नव्हता."

"म्हाईत हाय मला. तितं गेल्यावर मिळाला आसंल की तिला. आपल्याला काय म्हाईत?"

या माणसानं सगळ्या संसारात बायकोच्या हाताचा विषय कधी काढला नव्हता. लग्नाच्या बोलणीतसुद्धा, म्हातारी माणसं सांगतात, त्यांनी एवढंच विचारलं होतं की तिला दुखतं का. आणि आता ते एका खोट्या हाताकडे असं बघत होते, की माझ्याच्यानं बघवेना.

"मला आई पाहिजे," भाची म्हणाली. "त्या हातानं तिनं मला कधी धरलं न्हाय. तो हात मला ओळखत न्हाय."

दाजी उठून आत गेले. मला वाटलं रागावले. रागावले असते तर बरं झालं असतं. आत ते भिंतीला टेकून नुसते उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाचीला साडी आणि आक्कानं त्यावर शिवून घेतलेला ब्लाउज घेऊन बोलावलं. कापडाच्या नावानं काम होत नाही, तर कापडालाच कामाला लावू, असा माझा विचार होता. भाचीनं ती साडी नेसायची, आईसारखा पदर घ्यायचा, उजवा हात कोपरात दुमडून आत ठेवायचा आणि त्याच खुर्चीत बसायचं. मी फोटो काढणार आणि वर आक्काचा चेहरा बसवणार. म्हणजे फिरून जुनंच धडाचं काम, फक्त या वेळी धड घरचं.

साडीची घडी मोडताना भाची रडली. आईनं न मोडलेली घडी आपण मोडतोय म्हणाली. मी तिला म्हटलं, साडी घडीत ठेवायला घेतली नव्हती. जरा जोरातच म्हटलं. नाहीतर मीही रडले असते आणि काम राहिलं असतं.

पदर घेतला की सुळकन घसरायचा. पुन्हा घेतला, पुन्हा घसरला. नवं रेशीम, त्याला कुठं थांबायची सवय. मी पिन शोधत होते, तेवढ्यात भाची म्हणाली, "मावशी, हे काय?"

ब्लाउजच्या उजव्या बाहीवर, बाहेरच्या बाजूनं, टिचबटणं लावलेली होती. खांद्याजवळ एक आणि खाली कोपरापर्यंत आणखी. मग तिनं पदर उलटा केला. त्याच्या आतल्या अंगाला जुन्या इरकलीची एक पट्टी शिवली होती आणि त्या पट्टीवर बटणांच्या जोड्या. टाके वाकडेतिकडे, मोठे, गुडघ्यात कापड धरून डाव्या हातानं घातलेले. आम्ही ज्याला दुकानाची घडी समजत होतो ती तिनं शिवून झाल्यावर पुन्हा तशीच घातलेली घडी होती.

रेशीम घसरणार हे तिला ठाऊक होतं. चमकायचं होतं आणि झाकायचंही होतं, आणि दोन्ही एका साडीत कसं आणायचं ते तिनं कुणाला न विचारता शिवून ठेवलं होतं. लेकीच्या लग्नात पाहुण्यांसमोर ऐन वेळी पदर सरकू नये, म्हणून. मी त्या पट्टीवरून हात फिरवला आणि मला हुंदका आवरला नाही. इतकी वर्षं आम्हाला वाटायचं, तिला सवय झाली आहे. सवय झाली नव्हती. ती रोज काळजी घेत होती.

भाचीनं बटणं लावली. टिच, टिच, टिच. पदर बसला. जाड सुती पट्टीच्या आधारानं रेशीम खांद्यावर थांबलं आणि खाली भरून उतरलं, वर उजेडाची रेघ घेऊन. जुन्या फोटोत उजेड डावीकडून होता, म्हणून मी खुर्ची खिडकीशी तशीच लावली. ती बसली. हात आत घेतला. मी कॅमेऱ्यातून पाहिलं तर समोर आक्का. मला काही बटण दाबता येईना.

"मावशी, काढ ना," ती म्हणाली. तीसुद्धा आईसारखीच जराशी चिडून म्हणाली. मग मी फोटो काढला.

चेहरा मी हातानं बसवला, जुन्या पद्धतीनं, मानेजवळचा रंग हळूहळू मिसळत. सॉफ्टवेअरला एक शब्दही लिहिला नाही. दाजींना दाखवला तेव्हा त्यांनी या वेळी काही मोठं करायला सांगितलं नाही. फ्रेमच्या काचेवर, पदराखाली जिथं हात संपत होता नेमका तिथं, त्यांनी तळवा ठेवला आणि ठेवून बसले. रेशमातला तो पहिला फोटो मात्र त्यांच्या फोनमध्ये अजून आहे. मी पुसते म्हटलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, कुणाला दाखवत न्हाय."

हळदीच्या दिवशी फ्रेम पाटावर ठेवली. सवाष्ण गेलेली बाई, म्हणून आधी तिला हळदीकुंकू लावायचं होतं. घरात बायकांची गर्दी, टेंभुर्णीचे पाहुणेही आलेले. भाची पिवळी धमक होऊन फ्रेमसमोर बसली, करंड्यात बोट बुडवलं आणि आईच्या कपाळाला कुंकू लावलं.

डाव्या हातानं लावलं.

तिची आत्या मागून ओरडली, "अगं, उजव्या हातानं! उजव्या हातानं लाव की!"

भाचीनं वळून पाहिलं नाही. करंगळीशेजारचं ते बोट तिनं आईच्या कपाळावर तसंच धरलं होतं.

"मला आशीच लावायची ती," ती म्हणाली.

मी फोटो काढायला उभी होते, पण कॅमेरा खाली ठेवला. मग रांगेत माझी पाळी आली, आणि मीही डावा हात पुढे केला.